चार नंबरचा बॉक्स

सॅन्टन तुस्कानो आमच्या पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं लॅब असिस्टंट होते, पण त्यांना कोणी लॅब असिस्टंट म्हटलेलं खपत नसे. ते उत्तरच देत नसत. सॅन्टन सर म्हटलं की मात्र कुठलीही वायर, कुठलाही स्क्रू, लॉकरमध्ये लपवलेली स्वतःची सोल्डरिंगची कांडीसुद्धा काढून देत. मी प्राध्यापक, पगार जास्त, खुर्ची मोठी. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना खरी वीज त्यांनीच शिकवली हे मी कधीच नाकारलं नाही. नाकारलं असतं तरी मुलांना ठाऊक होतंच.

वटार गावचा माणूस. घरामागे केळी, विहिरीवर पंप, आणि त्या पंपाची दुरुस्ती शेजारीपाजारी सगळ्यांसाठी फुकट. रविवारी मिस्साला चर्चच्या माइकची व्यवस्था त्यांच्याकडे. बोलणं कमी, त्यातही अर्धं बोलणं उपकरणांशी. ॲमीटरचा काटा अडकला की काचेवर नखानं टकटक करून त्याला दोन शब्द ऐकवत, आणि तो सुटायचाही. या माणसाची एक चूक मी सांगणार आहे. ती मी पाहिली, आणि तिच्या कागदावर माझीही सही आहे.

आमच्या लॅबमधले बॉक्स त्यांनी स्वतः बनवले होते. जाड सनमायकाच्या डब्या, वर पितळी टर्मिनल, आत तीन रेझिस्टन्स, आणि झाकण लाखेनं बंद. वरच्या बाजूला सर्किटचं चित्र रंगवलेलं: आधी एक रेझिस्टन्स एकटा, आर वन; त्याच्यापुढे वाट फुटते आणि आर टू, आर थ्री एकमेकांना समांतर. किती ओहमचे ते लिहिलेलं नाही. तेच तर विद्यार्थ्यांनी काढायचं.

हत्यारं तीन. एक ॲमीटर मुख्य वाटेवर, म्हणजे एकूण करंट कळतो. दुसरा ॲमीटर फक्त आर टूच्या फांदीत. आणि एक व्होल्टमीटर, तो समांतर जोडीवर. दोन करंट, एक व्होल्टेज. बाकी सगळं डोकं. व्होल्टेजला आर टूच्या करंटनं भागलं की आर टू आला. एकूण करंटातून तो करंट वजा केला की उरतो तो आर थ्रीचा. त्यानं तेच व्होल्टेज भागलं की आर थ्री. राहिला आर वन. सप्लाय बारा व्होल्टचा. जोडीवर जेवढे मोजले तेवढे बारातून वजा केले की उरले ते आर वनवरचे, त्यांना एकूण करंटानं भागायचं. तीनही आले. दहा मिनिटांचं काम, करायचं म्हटलं तर.

पण करायचं कोणाला होतं? चार नंबरच्या बॉक्सची उत्तरं शंभर, दीडशे, तीनशे ही गोष्ट नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंतच्या आमच्या प्रत्येक पोराला पाठ होती. सीनियर ज्युनियरला देत, ज्युनियर त्याच्या ज्युनियरला. मग उत्तरावरून उलटं गणित मांडायचं: साठ मिलिअँपिअर, चाळीस मिलिअँपिअर, सहा व्होल्ट. शेवटी थोडं खरं वाटावं म्हणून एकोणसाठ पॉइंट पाच लिहायचं. मला हे माहीत होतं. माहीत असूनही मी जर्नलवर सह्या ठोकत होतो, कारण एका बॅचला साठ पोरं आणि व्होल्टमीटर चालू स्थितीत नऊ. सॅन्टन सरांना मात्र याचा राग यायचा. ते म्हणायचे, सर, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या बॉक्सचे फोटो करून टाकलेत, आत काय आहे ते कोणी बघतच नाही.

एका दिवाळीच्या सुटीत चार नंबरचा बॉक्स बिघडला. आर वनमधून सगळाच करंट जातो, आणि तो होता जेमतेम पाव वॅट सोसणारा. वर्षानुवर्षं तापून काळा पडला आणि शेवटी तुटला. सॅन्टन सरांनी लाख फोडली. खणात शंभर ओहमचे होते, पण पाव वॅटचेच. ते परत जळाले असते. अर्ध्या वॅटचा एकच सापडला, दीडशे ओहमचा. सुटी संपताच बॉक्स लागणार होता. त्यांनी तो लावला, नवी लाख ओतली. उत्तरांची वही माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात आणि मी साताऱ्याला. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं: चार नंबर, आर वन आता दीडशे. ती चिठ्ठी कुठे गेली ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

तरी कोणाला काही जाणवलं नाही. जाणवणार कसं? मोजतंय कोण? पोरं शंभर, दीडशे, तीनशे लिहीत राहिली, मी बरोबरच्या खुणा करत राहिलो.

मग मे महिन्यातली प्रॅक्टिकलची परीक्षा आली, आणि चार नंबरवर आर्या घरत बसली.

आर्या नालासोपाऱ्यात तुळिंजला राहायची. वडील रंगकाम करायचे, आईचं शिवणकाम. पहिल्या सत्रात तिला कावीळ झाली होती, दीड महिना वर्गात नव्हती, त्यामुळे आधीच्या केट्या, म्हणजे राहिलेले विषय, डोक्यावर होत्या. आणखी एक विषय राहिला तर इयर डाउन, वर्ष वाया, हे तिला पक्कं माहीत होतं. घरातून वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की हे एक वर्ष नीट काढ, मग पुढचं बघू. नीट काढायचं म्हणजे काय, तर तिनं ते शब्दशः घेतलं. ती मोजायची. सीनियर मुलीनं दिलेली उत्तरं तिच्याकडेही होती, पण ती मोजायची. आजारपणात बुडालेला प्रयोग होता तो, आणि ती चार वेळा लॅबमध्ये येऊन सॅन्टन सरांकडून तो दुसऱ्या बॉक्सवर शिकून गेली होती. ते तिला मायेनं बाय म्हणून हाक मारत आणि तिच्यासाठी चांगला व्होल्टमीटर बाजूला काढून ठेवत.

त्यांनीच तिला शिकवलं होतं की सप्लायच्या पॅनेलवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस, तो खोटं बोलतो. आधी व्होल्टमीटर सप्लायवर लाव, बारा करून घे, मग तो काढून जोडीवर लाव. आणि काम झालं की नॉब शून्यावर आण, मग स्विच बंद कर. म्हणजे पुढच्याचा मीटर जळत नाही. हे दुसरं त्यांनी प्रत्येक बॅचला इतक्यांदा सांगितलं होतं की पोरं झोपेतही नॉब शून्यावर आणतील.

परीक्षेत तिनं तसंच केलं. तिची मापं आली अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर, बत्तीस मिलिअँपिअर, चार पॉइंट आठ व्होल्ट. आर टू दीडशे, आर थ्री तीनशे. आणि आर वन? बारातून चार पॉइंट आठ गेले, राहिले सात पॉइंट दोन; भागिले अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर; दीडशे. तिला सांगितलेलं उत्तर शंभर होतं. तिनं परत मोजलं. परत दीडशे. तिनं दीडशे लिहिलं, नॉब शून्यावर आणला, स्विच बंद केला आणि पेपर दिला.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, घामानं हैराण, दुपारची बॅच बाहेर उभी. त्यांनी उत्तरांची वही उघडली. आर टू बरोबर, आर थ्री बरोबर, आर वन चूक. ते हुशार होते, हे मी मान्य करतो. क्षणभर विचार करून म्हणाले की ही चूक कशी झाली ते उघड आहे, सप्लाय बारावर नव्हताच, नऊ पॉइंट सहावर होता. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. नऊ पॉइंट सहा वजा चार पॉइंट आठ, म्हणजे चार पॉइंट आठ. भागिले अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर, बरोबर शंभर. आर टू आणि आर थ्रीला सप्लाय किती याच्याशी घेणंदेणंच नाही, म्हणून ते दोन बरोबर आले. सगळं चपखल बसत होतं.

हीच तर या प्रयोगाची मेख आहे. दोन करंट आणि एक व्होल्टेज मोजलं, तरी सप्लाय किती होता हे त्यांतून कळत नाही. तो दिलेला असतो. छापील कागदावर 'सप्लाय बारा व्होल्ट' असं आधीच लिहिलेलं असतं, तिथे मोजलेला आकडा भरायला रकानाच नाही. म्हणजे एकतर बॉक्समध्ये शंभर ओहम आणि सप्लाय नऊ पॉइंट सहा, नाहीतर बॉक्समध्ये दीडशे आणि सप्लाय बारा. दोन्हीकडून मापं तीच. उरतो तो फक्त शब्द: वहीचा किंवा मुलीचा. आणि नॉब शून्यावर होता, म्हणजे तिनं तो कितीवर ठेवला होता हे बघायलाही काही उरलं नव्हतं.

परीक्षकांनी तिला वाट काढून दिली. म्हणाले, सप्लाय नऊ पॉइंट सहा होता असं लिहून सही कर, उत्तर शंभर येतंय, मी मार्क देतो. आर्या म्हणाली की तिनं बाराच ठेवले होते, व्होल्टमीटर लावून पाहिले होते. परत जोडून दाखवते म्हणाली, पाच मिनिटं द्या. परीक्षकांनी सॅन्टन सरांकडे पाहिलं.

त्या वेळी सरांच्या खणात मल्टिमीटर होता. दोन टोकं टर्मिनलवर टेकवली असती तर आर वन किती ते बसल्या जागी कळलं असतं. त्यांनी हात खणाकडे नेला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला तो अभिमान, इतक्या वर्षांचा, आणि थोडा दुखावलेपणाही, की या पोरीला मी एवढं शिकवलं आणि ही माझ्याच बॉक्सवर संशय घेते.

"बॉक्स माझा आहे," ते म्हणाले. "माझा बॉक्स चुकणार नाही. बाय, सर सांगतात ते लिही."

तिनं लिहिलं नाही. परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला. पंचवीसपैकी आठ मार्क पडले, पास व्हायला दहा लागतात. मार्कलिस्टवर खाली दोन सह्या: बाहेरचे परीक्षक, आणि आतला परीक्षक म्हणून मी. मी का बोललो नाही, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा दिलंय. बाहेर बॅच उभी होती, हे एक. दुसरं खरं आहे: मला वाटलं, पोरगी हट्टी आहे, एवढं लिहायला काय जातं.

तिचं इयर डाउन झालं. जूनमध्ये ती आली नाही, जुलैत नाव कमी झालं. सॅन्टन सरांनी एकदाच विचारलं, ती तुळिंजची पोरगी परत आली काय. मी नाही म्हटलं. ते मीटरचा काटा साफ करत राहिले.

दोन वर्षं गेली. सरांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा त्यांच्या जागी आयुष नावाचा तरुण आला. तो लॅबचा ताबा घेताना प्रत्येक वस्तू तपासून घेत होता. मला हसू आलं, म्हटलं नव्याचे नऊ दिवस. सॅन्टन सर त्याच्या शेजारी स्टुलावर बसून वहीत बघत होते. एक नंबर बरोबर, दोन बरोबर, तीन बरोबर. चार नंबरला आयुषनं सप्लाय बारावर आणला, मीटर जोडले आणि आकडे वाचले: अठ्ठेचाळीस, बत्तीस, चार पॉइंट आठ.

सरांनी वही खाली ठेवली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांच्या तिथल्या तिथे आलं. आकडे त्यांना तोंडपाठ होते, दोन वर्षं. त्यांनी बॉक्स ओढून घेतला, स्क्रू ड्रायव्हरनं लाख फोडली. आत त्यांचंच सोल्डरिंग, गोल, चकचकीत, दुरूनही ओळखू येईल असं. रेझिस्टन्सवर तपकिरी, हिरवा, तपकिरी पट्टे. दीडशे. शंभराचा मधला पट्टा काळा असतो. ते पट्टे त्यांनी अंगठ्यानं पुसून पाहिले, जणू हिरव्याखाली काळा निघेल. मग म्हणाले, दिवाळीत मीच बदलला होता, विसरलो. एवढंच. त्या दिवशी ते न जेवता घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ऑफिसचे उंबरे झिजवले. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या परीक्षेचे कागद मुदत संपल्यावर रद्दीत गेले, लागलेला निकाल आता बदलता येत नाही; फार तर मुलीनं नव्याने फॉर्म भरावा आणि तो विषय परत द्यावा. सर मला म्हणाले की फादरांकडे जाऊन पापनिवेदन करून आलो, क्षमा मिळाली, पण जिची क्षमा मागायची ती तर तिथे नव्हती. आर्या वालीवला एका गाळ्यात कामाला आहे, एवढं तिच्या वर्गातल्या शर्ली नावाच्या मुलीकडून कळलं.

आम्ही शनिवारी गेलो. माणिकपूरहून रिक्षा केली. सरांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात चार नंबरचा बॉक्स, दोन ॲमीटर, एक व्होल्टमीटर. वाटेत मलाच राहवलं नाही, मी म्हटलं, बॉक्स कशाला आणलात, तोंडानं सांगितलं तरी पुरे. ते म्हणाले, माझ्या तोंडावर तिनं का विश्वास ठेवायचा.

गाळ्यात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी सर्किटं, बनत. एका लांब टेबलावर सात-आठ मुली, आणि शेवटी टेस्टिंगच्या जागी आर्या, समोर सप्लाय. आम्हाला पाहून ती उभी राहिली. सुपरवायझर ज्युली नावाची मध्यमवयीन बाई होती. तिनं चहाची सुट्टी जरा आधी दिली आणि हसत सांगितलं की पोरगी कामाला चोख आहे, पण फार हळू, प्रत्येक पीसला सप्लाय तीन-तीनदा तपासते, सगळ्या जणी तिला हसतात.

सरांनी बॉक्स तिच्यापुढे ठेवला. झाकण उघडंच होतं. त्यांनी सगळं सांगितलं, दिवाळी, दीडशे, हरवलेली चिठ्ठी, खणातला मल्टिमीटर. काही लपवलं नाही. मग म्हणाले, तू जोड बाय, तुझ्या हातानं बघ.

तिनं जोडलं. हात विसरले नव्हते. व्होल्टमीटर आधी सप्लायवर, बारा. काढला, परत लावला, परत बारा. तिसऱ्यांदा बारा. मग तो जोडीवर. काटे वर चढले आणि थांबले: अठ्ठेचाळीस, बत्तीस, चार पॉइंट आठ. तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित केलं आणि दीडशे या आकड्याभोवती पेन्सिल फिरवत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी पण बाराच होते?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, ती रागावेल. रडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती खरंच विचारत होती. तिला ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, बाराच होते बाय, तू बरोबर होतीस. फॉर्मचं सांगितलं, मी स्वतः तुझ्याबरोबर ऑफिसात येतो म्हणाले, घरी वडिलांना भेटून सांगतो म्हणाले. ती ऐकत होती, पण नजर काट्यांवर.

"पप्पांना मीच सांगितलं होतं, माझी चूक झाली म्हणून," ती म्हणाली. "पहिले काही महिने मी म्हणायचे, बाराच होते. सगळे म्हणायचे, अगं, सरांचा बॉक्स कसा चुकेल. मग मला पण नऊ पॉइंट सहा दिसायला लागले. अजून दिसतात, सर, काटा तिथेच थांबलेला. मला आता नक्की आठवतच नाही." मग ती म्हणाली, "फॉर्म नको. परत कोणी समोर उभं राहून विचारलं, नक्की बारा होते का, तर मला हो म्हणता येणार नाही."

पुठ्ठ्यावरचं गणित समोर होतं, बॉक्स उघडा होता, काटे अजून त्याच आकड्यांवर उभे होते. एवढा पुरावा मी आयुष्यात कुठल्या प्रयोगाला पाहिलेला नाही, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला माझी ती सही आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाकीच्या मुली आपापल्या जागी येऊन बसल्या. आर्यानं सरांना नमस्कार केला, घरी सगळे बरे आहेत ना म्हणून विचारलं. मग वायरी सोडवण्याआधी तिनं नॉब सावकाश शून्यावर आणला, काटे खाली बसेपर्यंत थांबली, आणि स्विच बंद केला.